विश्रामकाळ म्हणजे कमजोरी नव्हे

मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्थानकाबाहेरची भिंत वाचली, तर पुरुषांच्या काळज्यांची यादी आपोआप हाती येते. ‘मर्दानी कमजोरी’, ‘धातू जाणे’, ‘शीघ्रपतन’, ‘लग्नाआधी व लग्नानंतर खात्रीशीर इलाज’ आणि खाली मोबाइल क्रमांक. नांदेड-लातूर पट्टाही त्याला अपवाद नाही. या भिंतींवर एक गोष्ट मात्र कधीच लिहिलेली नसते. एकदा वीर्यस्खलन झाल्यावर पुरुषाच्या शरीराला पुन्हा तयार व्हायला काही वेळ लागतो, हा वेळ प्रत्येकाला लागतो आणि वय वाढेल तसा तो वाढत जातो. जाहिरातीत ती येणार तरी कशी? तेवढे एक वाक्य लिहिले तर निम्मे गिऱ्हाईक तिथूनच परत फिरेल.

वैद्यकात या वेळेला ‘रिफ्रॅक्टरी पीरियड’ म्हणतात. मराठीत त्याला विश्रामकाळ म्हणता येईल. अमेरिकेतील सेंट लुइस येथील विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या जोडीने प्रयोगशाळेत शेकडो स्त्री-पुरुषांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून १९६६ साली ‘ह्यूमन सेक्शुअल रिस्पॉन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात उत्तेजनापासून शांत होण्यापर्यंतचे चार टप्पे मांडले होते. शेवटच्या टप्प्यात स्त्री आणि पुरुष यांच्यातला मोठा फरक तिथे स्पष्टपणे नोंदला गेला. कामतृप्तीनंतर स्त्रीला लगेच पुन्हा उत्तेजित होणे शक्य असते. पुरुषाचे तसे नसते. त्याच्या शरीराचे दार काही काळ बंद होते आणि कितीही इच्छा केली, कितीही स्पर्श झाला तरी ते उघडत नाही.

या बंद दाराचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात काहीही केले तरी ताठरता येत नाही. उलट लिंगाच्या टोकाला स्पर्श नकोसा, कधी दुखरा वाटतो. दुसऱ्या भागात ताठरता येऊ शकते, पण एरवीपेक्षा अधिक उत्तेजन लागते आणि पुन्हा स्खलन व्हायला बराच वेळ लागतो. हे दोन भाग वेगळे आहेत हे ठाऊक नसल्याने अनेक जण पहिल्याच भागात घाई करतात, अपयश येते आणि ‘आपल्यात काहीतरी बिघडले’ अशी खूणगाठ मनात पक्की बसते.

हे दार बंद का होते? लोकांच्या मनातले उत्तर ठरलेले आहे. ‘टाकी’ रिकामी झाली, ती भरायला वेळ लागणारच. त्याच्याच जोडीला रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत येते. दोन्ही चूक आहेत. एका वेळचे वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा. त्यातला मोठा भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो. शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा, आणि ते वृषणात अहोरात्र तयार होतच असतात. टाकीचा हिशेब खरा असता तर नसबंदी झालेल्या पुरुषाचा विश्रामकाळ बदलायला हवा होता, कारण त्याच्या वीर्यात शुक्रजंतू नसतातच. तसे काही होत नाही. स्खलनानंतर येणारी ग्लानी ही शक्ती वाहून गेल्याची खूण नाही. ताण सैल पडल्याची ती खूण आहे.

खरे कारण मज्जासंस्थेत आहे. ताठरता येते ती पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून निघणाऱ्या ज्या मज्जातंतूंमुळे, ते शरीर निवांत असताना काम करतात. त्यांच्या इशाऱ्याने लिंगातील स्नायू सैल पडतात आणि रक्त आत भरते. स्खलन मात्र नेमक्या उलट बाजूच्या मज्जातंतूंचे काम. धावताना, घाबरताना, भांडताना जी यंत्रणा चालते तीच स्खलनाच्या क्षणी जोराने चालते. तिच्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, आत भरलेले रक्त बाहेर पडते आणि शिथिलता येते. पुन्हा ताठरता यायची तर ही आकसणारी बाजू शांत व्हावी लागते. दुसऱ्या वेळी जमेल की नाही, या काळजीने छाती धडधडणाऱ्या माणसाची हीच बाजू अधिक चेतते. काळजी करून विश्रामकाळ लांबतो, याचे साधे कारण एवढेच.

याच्या जोडीला मेंदूतले रसायन आहे. स्खलनानंतर रक्तातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, हे जर्मनीतील संशोधकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. तेव्हापासून ‘प्रोलॅक्टिन हाच कामेच्छेचा ब्रेक’ असे सर्रास सांगितले जाते. हे विधान जरा सावधपणे घ्यायला हवे. पोर्तुगालमधील लिस्बन येथील संशोधकांनी २०२१ मध्ये उंदरांवर तपासून पाहिले, तेव्हा प्रोलॅक्टिन कमी-जास्त करूनही विश्रामकाळात अपेक्षित फरक पडला नाही. म्हणजे स्खलनाच्या पाठोपाठ प्रोलॅक्टिन वाढते हे खरे, पण दार तेच बंद करते असे अजून सिद्ध झालेले नाही. तेव्हा प्रोलॅक्टिन कमी करण्याच्या नावाखाली कुणी गोळी विकत असेल, तर तो विज्ञानाच्या दोन पावले पुढे धावतो आहे. ज्यांचे प्रोलॅक्टिन मस्तकातील पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे कायम वाढलेले असते, त्यांची इच्छाच मंदावते आणि त्यांना उपचार लागतात. तो आजार वेगळा.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. हा वेळ किती असावा? ठरलेला आकडा नाही, आणि असा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. डॉक्टरांच्या अनुभवात ढोबळमानाने जे दिसते ते असे. अठरा-वीस वर्षांच्या तरुणाला काही मिनिटे ते अर्धा तास पुरू शकतो. तिशी-चाळिशीत अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत कितीही लागू शकतो. पन्नाशीनंतर अनेकांच्या बाबतीत अर्धा दिवस किंवा एक दिवस जातो. साठी-सत्तरीत एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक. एकाच वयाच्या दोन निरोगी पुरुषांत कित्येक पटींचा फरक असू शकतो. एकाच माणसातही सोयाबीनची रास करून थकून आलेला दिवस आणि सणाच्या सुट्टीचा दिवस यांत फरक पडतो. म्हणून दुसऱ्याशी तुलना करून काहीच कळत नाही. तुलना करायचीच तर ती स्वतःच्या पाच वर्षांपूर्वीच्या शरीराशी करावी.

तरुणांची तुलना मात्र भलत्याच ठिकाणी होते. नांदेडला नोकरी करणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा नवरदेव मोबाइलवर जे पाहून वाढला, त्यातला पुरुष थांबतच नाही. ते चित्रीकरण तुकड्यातुकड्यांत, कित्येक तास चाललेले असते, गोळ्या-इंजेक्शनांचा आधार असतो आणि मधले सगळे थांबे कापून टाकलेले असतात, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात एकदा समागम होऊन तासाभराने पुन्हा जमले नाही, की तो घाबरतो. मित्रांच्या बढाया त्यात भर घालतात. या मुलाला कुठलाही आजार नाही. दुसऱ्या दिवशी, थकवा आणि धास्ती नसताना पहिली ताठरता नीट येत असेल, तर त्याला तपासणीचीही गरज नाही.

वय वाढल्यावर हा काळ लांबतो तो एका कारणाने नाही. टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला सुमारे एक टक्का या संथ गतीने उतरते. रक्तवाहिन्या आणि लिंगातील मऊ स्नायू यांची लवचिकता कमी होते. त्वचेची संवेदना मंदावते. पूर्वी नुसत्या विचाराने जे होई, त्याला आता प्रत्यक्ष स्पर्श लागतो. यातले काहीही एका रात्रीत घडत नाही, म्हणून बदलही वर्षानुवर्षे हळूहळू दिसतो. या वयात आणखी एक गोष्ट घडते, ती फारशी सांगितली जात नाही. काही प्रौढ पुरुषांत स्खलन न होताच मध्येच शिथिलता आली, तरी पुन्हा ताठरता यायला तितकाच वेळ लागतो. दाराबाहेर कुणी हाक मारली, नातवंड रडले, एवढे कारण पुरते. माणूस ते अपयश समजतो, पण तोही विश्रामकाळाचाच प्रकार आहे.

मास्टर्स आणि जॉन्सन यांनी प्रौढ जोडप्यांना दिलेला एक सल्ला इथे उपयोगी पडतो. उतारवयात प्रत्येक समागमात स्खलन झालेच पाहिजे, असा हट्ट धरू नये. स्खलनाची निकड वयानुसार कमी होते, ते झाले नाही तरी शरीराला अपाय होत नाही, आणि दोघांच्या भेटी मात्र पुष्कळ सोप्या होतात. आपल्याकडे पुरुषाने ‘पुरे केले नाही’ तर बायकोच्या मनात वेगळीच शंका येते, ‘आता यांना माझ्यात रस उरला नाही’. बायकोला तो शब्द बोलता येत नाही आणि नवऱ्याला हा बदल सांगता येत नाही. ही कोंडी औषधाने सुटणारी नाही.

पण सगळेच वयावर ढकलणेही धोक्याचे. इथे एक काल्पनिक पण दवाखान्यात नेहमी भेटावे असे उदाहरण घेऊ. लातूरच्या आडत बाजारातला एक चोपन्न वर्षांचा व्यापारी. आठ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू, तंबाखू अधूनमधून. तो डॉक्टरांना सांगतो, ‘पूर्वी रात्री झाले की सकाळी पुन्हा जमायचे. आता दोन-दोन दिवस काही होत नाही. ताकद गेली.’ एवढ्या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. डॉक्टरांना विचारायचा असतो तो पहिल्या वेळचा प्रश्न. दोन दिवसांनी जेव्हा होते, तेव्हा ताठरता पुरेशी असते का, शेवटपर्यंत टिकते का? दुसरा प्रश्न पहाटेचा. झोपेतून उठताना अधूनमधून आपोआप ताठरता असते का? तिसरा, हा बदल कधीपासून? चार-पाच वर्षांत हळूहळू, की या दिवाळीपासून एकदम? चौथा, त्याच सुमारास कुठली नवी गोळी सुरू झाली का?

समजा त्याचे उत्तर असे आले की पहिली वेळ ठीक असते, पहाटेची ताठरता आहे आणि बदल हळूहळू झाला. मग हा वयाचा विश्रामकाळ आहे. त्याला गोळीची गरज नाही. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि बायकोशी मोकळेपणाने बोलणे एवढे पुरे.

पण समजा त्याने सांगितले की वर्षभरापासून पहिल्या वेळीही ताठरता अर्धवट येते आणि पहाटेचीही बंद झाली आहे. आता चित्र पूर्ण बदलले. ही लैंगिक दुर्बलता आहे आणि मधुमेही, रक्तदाबी माणसात ती रक्तवाहिन्यांची तक्रार समजून तपासावी लागते. लिंगाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. कोलेस्टेरॉलचा थर दोन्हीकडे सारखाच बसत असेल तर बारीक नळी आधी चोंदणार, हे उघड आहे. म्हणून ही तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसू शकते. अशा माणसाला ताकदीच्या गोळीआधी तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची तपासणी हवी. सकाळच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन पाहावे लागते. स्खलन होते पण वीर्य बाहेर येत नाही, अशी तक्रार असेल तर मधुमेहाने मज्जातंतूंवर परिणाम केला असावा, किंवा प्रोस्टेटसाठी चालू असलेल्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळीचा तो परिणाम असावा. नैराश्यावरील काही गोळ्या स्खलन लांबवतात, रक्तदाबावरील काही गोळ्या ताठरतेवर परिणाम करतात. यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगितले की बहुतेक वेळा पर्याय निघतो.

एकच तक्रार, दोन उत्तरे, आणि दोन्हींमधला फरक चार प्रश्नांत कळतो. हे चार प्रश्न विचारणारे कुणी नसते, ही खरी अडचण आहे. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी आरोग्य केंद्रात व्हावी, असा सरकारी कार्यक्रम आहे. त्या तपासणीच्या कागदावर या विषयाचा एक प्रश्न घातला, तर खर्च शून्य आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम तपासायची आणि त्याच रक्तवाहिन्यांच्या या दुसऱ्या तक्रारीवर मौन पाळायचे, याला वैद्यकीय आधार नाही. संकोच दोन्ही बाजूंनी आहे, हे मान्य. पण रुग्णाने संकोच करावा आणि डॉक्टरांनीही करावा, ही चैन परवडणारी नाही, कारण तिसरा माणूस संकोच न करता भिंतीवर मोबाइल क्रमांक लिहून बसला आहे.

मराठीत या विषयावर बोलण्याची परंपरा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यूपर्यंत ते चालवले. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. प्रश्न विचारणे अश्लील नाही, हे मराठी माणसाने कोर्टात उभे राहून मांडून नव्वद वर्षे झाली.

या देशातला कायदाही दुबळा नाही. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा संभोगशक्ती टिकवण्याची किंवा वाढवण्याची हमी देणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना सरळ मनाई करतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्या भिंतीवर ती जाहिरात आहे, तिच्यासमोरून रोज सरकारी गाड्या जातात. अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस यांनी ठरवले तर त्या मोबाइल क्रमांकापर्यंत पोचायला एक दिवस पुरे.

त्या क्रमांकावरून येते काय, हेही समजून घ्यायला हवे. ‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे देशोदेशीच्या तपासण्यांत वारंवार आढळले आहे. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रामधले औषध. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते चांगले काम करते, पण ते ताठरतेसाठी आहे. विश्रामकाळ कमी करण्यासाठी त्याला मान्यता नाही, आणि त्या दृष्टीने झालेल्या छोट्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. निरोगी माणसाने ‘दुसऱ्या वेळेसाठी’ ते घेऊन हाती लागते ती बहुधा डोकेदुखी आणि लाल झालेला चेहरा.

खरा धोका वेगळाच आहे. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आता गावोगावी खिशात असते. त्या गोळीतील नायट्रेट आणि सिल्डेनाफिल दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आले तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतल्यानंतर किमान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देत नाहीत. म्हणूनच छातीत दुखते म्हणून रात्री दवाखान्यात आलेल्या पुरुषाला डॉक्टर ‘ताकदीची गोळी घेतली होती का’ असे विचारतात. सोबत मुलगा किंवा जावई उभा असेल, तर त्याला आधी बाहेर पाठवावे आणि मग विचारावे. चूर्ण घेतले असेल, पुडी घेतली असेल, ‘जडीबुटी’ म्हणून काही खाल्ले असेल, तरी उत्तर ‘हो’ असेच द्यायचे, आणि ते साधारण किती वाजता घेतले तेही सांगायचे.